स्क्रॅच कार्डचे 2,999 रुपये 'अनलॉक' करायला पैसे मागतायत. मदत हवी आहे

धागाकर्ता: वडिलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून एक पेमेंट अ‍ॅप टाकलं. कार्ड खरवडल्यावर 2,999 रुपये दिसले, 'अ‍ॅक्टिव्हेशन'चे 99 भरले. आता 30 टक्के टीडीएस म्हणून 900 मागतायत, ते भरले की सगळं एकदम जमा होणार म्हणे. कर आधी भरावा लागतो का?

प्रतिसाद 1: लागतो. लकी ड्रॉमध्ये गाडी लागली तर कर भरल्याशिवाय चावी देत नाहीत.

प्रतिसाद 2: गाडीचं बरोबर, कारण वस्तूतून कर कापून घेता येत नाही. रोख बक्षिसात देणाराच कर कापून उरलेली रक्कम देतो. शिवाय हा टीडीएस 10,000 च्या वरच्या बक्षिसावर लागतो, 2,999 वर नाही. 900 भरलेत तर पुढे 'जीएसटी' येईल, मग 'फाइल चार्ज'. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

प्रतिसाद 3: पण ऑक्टोबर 2025 पासून कलेक्ट रिक्वेस्ट बंद झाल्यात ना? मग पैसे जातीलच कसे?

प्रतिसाद 2: व्यक्तीने व्यक्तीकडे मागण्याच्या बंद झाल्या. इथे 'Unlock' दाबलं की तुमचंच यूपीआय अ‍ॅप रक्कम भरून उघडतं, पिन तुम्ही टाकता. वर कुणा व्यक्तीचं नाव दिसतं, तेवढं वाचायचं. त्या वेळी ऑटोपेला तर मंजुरी दिली नाही ना, ते आधी बघा. 99 च्या जागी 'up to' अमुक, 'monthly' असं काही असेल, तर पुढचे हप्ते पिन न विचारता कापले जातात. आपल्या यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे यादीत जाऊन अनोळखी मॅन्डेट रद्द करा.

प्रतिसाद 4: माझ्या नेहमीच्या अ‍ॅपमध्ये 40 रुपये कॅशबॅक दिसतंय, वापरता येत नाही. तेही फसवंच का?

प्रतिसाद 2: ते वेगळं. तिथे लाइट बिल वगैरे तुमचंच काम झाल्यावर कार्ड येतं, आणि बहुतेक अटी मुदतीच्या असतात. ऑफरच्या अटी वाचा.

धागाकर्ते, लिंकवरून टाकलेलं अ‍ॅप असल्यामुळे सेटिंग्जमध्ये एसएमएस आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी काढा, मगच अ‍ॅप उडवा. एसएमएस वाचता आले तर ओटीपी परस्पर जातात. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून यूपीआय पिन बदला. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक घेऊन 1930 ला फोन करा, बँकेलाही कळवा.

धागाकर्ता: ऑटोपेमध्ये एक सापडलं, 'up to ₹1,999, monthly'. रद्द केलं. 99 परत मिळतील?

प्रतिसाद 2: समोरच्या खात्यात शिल्लक असेल तर ती गोठवता येते. पण पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे बँकेवर जबाबदारी टाकणं अवघड.

प्रतिसाद 1: 99 साठी 1930 ला कोण फोन करतं?

प्रतिसाद 2: त्याच खात्यावर अशा आणखी तक्रारी आल्या असतील तर एकत्र जोडल्या जातात. करा.