मदत हवी आहे : टेरेनच्या चंकमधल्या फटी, स्कर्ट ठेवू की स्टिचिंग करू?

मंडळी, फोंड्याहून लिहितोय, मोले-दूधसागरचा टेरेन करतोय, प्रत्येक चंक ६५×६५ व्हर्टेक्सचा आणि लांबचे चंक निम्म्या तपशिलाचे. खाली मांडवीकडच्या खाजनात सगळं मस्त दिसतं पण घाटात चंकच्या सीमेवर फटीतून आकाश दिसतं. कारण कळलंय, एका कडेवर जाड चंकचे दोन बिंदू ४१२ आणि ४३० मीटरवर, म्हणजे त्याची सरळ रेष मध्ये ४२१ वरून जाते आणि बारीक चंकचा तिथला व्हर्टेक्स ४०९ वर, झाली १२ मीटरची फट!

आधी स्कर्ट लावले. सगळीकडे ५ मीटर खोल ठेवले तर कड्यावर पुरत नाहीत, म्हणून खोली त्या चंकच्या सगळ्यात मोठ्या चुकीएवढी घेतली. फटी गेल्या. स्कर्टला वरच्या व्हर्टेक्सचाच नॉर्मल दिल्यावर काळ्या रेघापण गेल्या, पण कड्यावर टेक्श्चर उभं ताणलेलं दिसतं ते काय जात नाही.

आता स्टिचिंग करावं म्हणतो, बारीक चंकच्या कडेचे विषम नंबरचे व्हर्टेक्स असे बसवायचे:

```
h[i] = (h[i-1] + h[i+1]) / 2
```

पण हे शेजाऱ्यात एकाच लेव्हलचा फरक असेल तरच चालतं, आणि माझ्या क्वाडट्रीत कड्याजवळ दोन-दोन लेव्हलचा फरक पडतो. मग क्वाडट्रीवरच एका लेव्हलची अट घालू, की फक्त घाटात स्टिचिंग आणि बाकी स्कर्ट? अट घातली तर ट्रँगल कितपत वाढतात? कोणी केलं असेल तर सांगा बाबांनो.