'तातडीने रक्त हवे': गटातल्या निरोपामागचे अनुभव

पावसाळा सरता सरता डेंगी वाढतो आणि सोसायटीच्या, गावाच्या, शाळेच्या व्हॉट्सॲप गटांवर 'अर्जंट बी निगेटिव्ह' सुरू होतं. असा निरोप तुम्ही लिहिला असेल, पडताळला असेल किंवा वाचून धावत गेला असाल, तर पुढे काय झालं ते सांगा. रुग्णालयांची आणि माणसांची नावं नकोत.

रेवती, कोथरूड

आमच्या इमारतीच्या गटावर रात्री निरोप आला: "भाच्याला डेंगी, प्लेटलेट ३८ हजार, जीव धोक्यात, बी निगेटिव्ह हवं, सगळीकडे पाठवा." रक्तपेढीचं नाव नाही, तारीख नाही. बघता बघता तो आणखी दोन-तीन गटांत गेला. टाकणारे काका रडवेले झाले होते, म्हणून मी मुलाच्या वडिलांशीच बोलले. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? तर, "दाता तयार ठेवा. पेशी दहा हजारांच्या आसपास उतरल्या किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर लागेल."

मग रक्तपेढीला फोन. रुग्णालयाकडून मागणीपत्र आणि मुलाचा नमुना अजून गेलेलाच नव्हता. तिथल्या बाई म्हणाल्या, प्लेटलेटसाठी बी पॉझिटिव्ह दाताही चालू शकतो, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर हो म्हणाले. निगेटिव्ह शोधायची वणवण तिथेच संपली. काकांना जुना निरोप पुसायला लावून हा टाकला:

"एसडीपी दाता हवा, म्हणजे फक्त प्लेटलेट. गट बी, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. रुग्ण स्थिर आहे, दाता तयारीत ठेवायचा आहे. अमुक रक्तपेढी, फोनवर खात्री केली आहे. निरोप उद्या रात्री आठपर्यंतच. फोन फक्त वडिलांना. पुढे पाठवू नका, माहितीत कोणी असेल तर थेट विचारा."

तिघं तयार झाले. एकाने आदल्या दिवशी ॲस्पिरिन घेतलं होतं, तो बाद. दुसऱ्याच्या स्वतःच्याच प्लेटलेट दीड लाखाच्या खाली निघाल्या. तिसरा तयारीत राहिला, पण मुलाच्या पेशी आपसूक चढल्या. 'गरज संपली' असं गटावर लिहिलं. तरी तो पहिला निरोप काही आठवड्यांनी साताऱ्याच्या नातेवाइकांकडून फिरून मलाच आला.

ओंकार_७

एवढं कशाला? ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं. गटात दोन-तीन ओ निगेटिव्हवाले शोधून ठेवले की झालं. आणि रक्त दिलं की लगेच चढवतात, म्हणून घाई असतेच.

पेढीवाला

ओंकार, लाल पेशींच्या बाबतीत तुमचं बरंचसं खरं आहे. प्लेटलेट मात्र प्लाझ्मात तरंगत असतात, आणि ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी विरुद्धचे घटक असतात. नाइलाज असला तर देतात, पण 'सगळ्यांना चालतं' असं नाही. मोजक्या ओ निगेटिव्ह माणसांना दर निरोपाला पळवलं, तर पुरुषाला पुढचे तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा रक्त देता येत नाही. खरा अपघात येईल तेव्हा कोण?

लगेच चढवतात हेही तसं नाही. पिशवी आधी एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या तपासणीतून जाते, त्यात काही तास जातात. रात्री बाराला अपघात झालेल्याला कपाटातलीच पिशवी मिळते. दारात आलेले वीस दाते ती भरून काढतात, तीही पुढच्या कोणासाठी. म्हणून आम्ही म्हणतो, आधी पेढीला विचारा काय हवंय. एकदा एकाच निरोपावर माणसांची रांग लागली, हवी होती एक पिशवी, आणि ती आमच्याकडे होती. बऱ्याच जणांचं रक्त घेता आलं नाही, तेही चिडले. गट जुळून क्रॉसमॅच झाल्याशिवाय कोणाचंही 'चालेल' म्हणू नये.

साईची आई

माझा मुलगा थॅलेसेमियाचा. त्याला दर तीन आठवड्यांनी लागतं. असा निरोप आम्ही टाकत नाही, कारण दर वेळी 'तातडी' म्हटलं तर कोण ऐकेल? ठरलेले दाते आहेत, त्यांच्या तारखा वहीत आहेत. नातेवाइकांनी आपलंच घ्या असा आग्रह धरला, तेव्हा पेढीने सांगितलं, जवळच्या नात्यातलं शक्यतो नको. कारण मला नीट समजलं नाही.

पेढीवाला

ताई, नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कधी कधी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, मग त्या आत टिकून त्याच्याच शरीरावर उलटतात. फार क्वचित होतं, पण झालं तर फार वाईट. द्यायचंच झालं तर पिशवीवर किरणांचा मारा करून देतात.

महेश, इचलकरंजी

माझा नंबर एका निरोपात होता. रुग्ण बरा होऊन घरी गेला, फोन अजून येतात. मध्ये एकाने 'दाता मीच, गाडीखर्च आधी पाठवा' म्हणून क्यूआर कोड पाठवला. मी पाठवले नाहीत, रुग्णाच्या बायकोने पाठवले, माणूस आलाच नाही. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे हे तिला माहीत नव्हतं. आता प्रश्न असा, निरोपात नातेवाइकाचा नंबर द्यायचा की पेढीचा? पेढीचा दिला तर ते वैतागतात.

पेढीवाला

वैतागतो खरं. तरी पेढीचा द्या, रात्री आठनंतर मात्र नातेवाइकाचा.

रेवती, कोथरूड

मला हे पटत नाही. त्या रात्री पेढीतल्या बाई एकट्याच होत्या.