आकड्यांचं कसलं भाषांतर?

गोदाकाठ: आमच्या संस्थेचा संशोधन प्रस्ताव मराठीतून इंग्रजीत करायचाय, परदेशी निधीसाठी. 22 पानं आहेत, त्यातली 6 पानं नुसते खर्चाचे तक्ते आणि कामाचं वेळापत्रक. भाषांतरकार त्या पानांचेही पूर्ण पैसे मागतोय, वर आठ दिवस. आकडे तर दोन्ही भाषांत तेच! आकड्यांचं कसलं भाषांतर करतात लोक?

तळटीप: दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. चौदा वर्षं हेच करते. ती सहा पानंच सगळ्यात जास्त वेळ खातात.

एक प्रस्ताव सांगते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या आरोग्याचा अभ्यास होता. माझ्याकडे आला तेव्हा एकदा भाषांतर होऊन, पाठवून, प्रश्नांची यादी घेऊन परत आला होता. मूळ तक्त्यातली ओळ अशी: «बुडालेल्या मजुरीची भरपाई, कोयत्यामागे 1,000 रु., 120 कोयते, 1,20,000.» आधीच्या माणसाने कोयत्याचा शब्दकोशातला अर्थ घेतला आणि 120 विळे लिहून मोकळा झाला. देणाऱ्यांनी विचारलं, आरोग्याच्या अभ्यासात तुम्ही हत्यारं का विकत घेताय, आणि घेताय तर ती उपकरणांच्या रकान्यात का नाहीत? इथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बीडमध्ये शेंबडं पोरही सांगेल. खर्चाच्या समर्थनाच्या भागात 240 मजुरांच्या मुलाखती लिहिल्या होत्या. परक्या माणसाला तक्त्यात 120 आणि मजकुरात 240 दिसले की तो पहिला प्रश्न हाच विचारणार, की यातला खरा आकडा कोणता.

वेळापत्रकातही तेच. «दुसरी फेरी पट्टा पडल्यावर.» इंग्रजीत काय झालं होतं? पट्टा खाली पडल्यानंतर! कुठला पट्टा, कोणाच्या कमरेचा? गाळप हंगाम संपल्यावर, एवढाच अर्थ. आणि तो दर वर्षी एका तारखेला संपत नाही. मग महिना कोणता लिहायचा हे मी घरबसल्या कसं ठरवू? संस्थेला फोन केला. त्यांनी मार्चअखेर ते एप्रिल असं सांगितलं, आणि कारखाना लवकर बंद झाला तर फेरी अलीकडे घेऊ असं एक वाक्य घालायला लावलं.

आता सांगा, कोणत्या आकड्याचे पैसे कापू?

हिशेबनीस_पुणे: कोयत्याचा किस्सा झकास. पण ताई, हा शब्दांचा प्रश्न झाला, आकड्यांचा नाही. गोदाकाठ बरोबरच बोलतायत. रकमांची पानं कॉपी-पेस्ट असतात. आमच्या ऑफिसात मुलगा एका दुपारी करून देतो. भाषांतरकाराने हिशेबात नाक खुपसू नये, त्यासाठी आम्ही आहोत.

तळटीप: नाक खुपसलं नसतं तर संस्थेचे एक लाख ऐंशी हजार अधांतरी राहिले असते. त्याच प्रस्तावात मजकूर होता: «दीड वर्षाच्या या प्रकल्पात चार सर्वेक्षकांना दरमहा प्रत्येकी पंधरा हजार रुपये मानधन.» गुणाकार करा. चार जण, अठरा महिने, पंधरा हजार: 10,80,000. तक्त्यात होते 9,00,000. आधीच्या माणसाने दोन्ही इमानेइतबारे उतरवले. भाषांतर अचूक, प्रस्ताव चुकलेला.

मी वेळापत्रक उघडलं तेव्हा उलगडा झाला. शेवटचे तीन महिने विश्लेषण आणि अहवालाचे आहेत, त्यात सर्वेक्षक नाहीतच. म्हणजे पंधरा महिने, आणि तक्ता बरोबर. मराठी वाक्यात दीड वर्ष हे प्रकल्पाचं होतं, मानधनाचं नव्हतं. मी स्वतः काही बदललं नाही, संचालकांना तिन्ही जागा शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी वाक्य सुधारलं, मग मी ते इंग्रजीत नेलं. समर्थनातली प्रत्येक रक्कम तक्त्यातल्या ओळीशी आणि प्रत्येक मुदत वेळापत्रकाशी ताडून बघायची. आठ दिवसांतले तीन यातच जातात.

हिशेबनीस_पुणे: हे संस्थेच्या अकाउंटंटने करायचं काम. त्याच्यासाठी तुम्ही का झोप मोडता?

तळटीप: त्याला इंग्रजी मजकूर वाचता येत असता तर मला कशाला बोलावलं असतं?

शुद्धलेखन: मध्येच बोलतो, क्षमस्व. वर «समर्थन» वाचून बरं वाटलं. नाहीतर हल्ली जो तो मराठी मसुद्यात «खर्चाचे औचित्य» लिहितो. औचित्य हे हिंदीतून उचललंय. मराठीत औचित्य म्हणजे प्रसंगाला शोभणं. सर्वेक्षकाचा प्रवासखर्च प्रसंगाला शोभतो की नाही हे सांगायचंय का आपल्याला?

पोस्टडॉक_हायडलबर्ग: समर्थनही धड नाही हो. समर्थन म्हणजे पाठिंबा. «टॅक्सीभाड्याचे समर्थन» वाचलं की टॅक्सीसाठी मोर्चा निघालाय असं वाटतं.

शुद्धलेखन: आपल्या कृतीचं समर्थन करणं हा चांगला रुळलेला प्रयोग आहे. परदेशात राहून मराठी विसरायला झाली असेल तर तसं सांगा.

पोस्टडॉक_हायडलबर्ग: हे आलंच. मुद्दा संपला की पासपोर्ट काढायचा.

कोरडवाहू: आमच्या संस्थेत आम्ही मथळाच देतो: «एवढे पैसे का लागतात». खाली आपोआप नीट लिहिलं जातं. औचित्य लिहिलं की कार्यकर्ते «सदर खर्च अत्यंत आवश्यक आहे» एवढं लिहून थांबतात.

शुद्धलेखन: उद्या अनुक्रमणिकेला «कुठे काय आहे» म्हणा.

कोरडवाहू: म्हणू की. वाचणाऱ्याला कळेल तरी.

सुनीता_ठाणे: माझ्या मुलीच्या जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर हवंय, व्हिसासाठी. तळटीप ताई, तुम्ही करता का? नोटरी लागेल का?

तळटीप: सुनीताताई, तो वेगळा प्रकार. वकिलातीच्या यादीत काय मागितलंय ते आधी बघा, मग वेगळं विचारा.

हिशेबनीस_पुणे: औचित्याचं लग्न लागलं असेल तर खऱ्या विषयावर येऊ. परदेशी पैसा असेल तर शब्दापेक्षा एफसीआरए कायदा बघा. 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. पगार सगळे प्रशासकीय. त्यामुळे चार सर्वेक्षकांचे नऊ लाख दाखवले की गेलात.

तळटीप: टक्के बरोबर, पुढचं नाही. संस्था मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणारी असेल, तर क्षेत्रातली माहिती गोळा करणाऱ्यांचा आणि तिचं विश्लेषण करणाऱ्यांचा पगार प्रशासकीय खर्चातून नियमानेच वगळलेला आहे. आता बघा शब्द कसा अंगाशी येतो. मूळ मराठी तक्त्यात या सर्वेक्षकांचं पद होतं «क्षेत्र सहायक». आधीच्या इंग्रजीत त्याचा झाला ऑफिस असिस्टंट. एका शब्दाने माहिती गोळा करणारा माणूस कार्यालयात बसवला. देणाऱ्याला फरक पडला नसता, पण मंजूर तक्ता हाच पुढे लेखापरीक्षकासमोर येतो.

हिशेबनीस_पुणे: मुख्यतः संशोधन करणारी संस्था, ही अट आहेच ना? सगळ्यांना लागू नाही.

तळटीप: आहे. मी तेच लिहिलंय.

हिशेबनीस_पुणे: बरं. पदनामाचे पैसे घ्या. आकड्यांचे घेऊ नका.

पोस्टडॉक_हायडलबर्ग: मानधनावर कोणी बोललंच नाही. माझ्या आधीच्या प्रकल्पात आम्ही सरसकट ऑनररियम लिहिलं. देणाऱ्यांचा उलट सवाल: दर महिन्याला, पंधरा-पंधरा महिने कोणाला ऑनररियम देतात? त्यांच्याकडे तो शब्द पाहुण्या वक्त्याला एकदा दिलेल्या पाकिटासाठी. हा कर्मचारी आहे की कंत्राटी, ते सांगा म्हणाले. आपल्याकडे मानधन या एका शब्दाखाली अंगणवाडीपासून कवीपर्यंत सगळे मावतात.

तळटीप: अगदी. आणि याचं उत्तर शब्दकोशात नसतं, त्या माणसाच्या करारपत्रात असतं. मी करारपत्राचा नमुना मागते. «आकस्मिक खर्च»सुद्धा तसाच. आपल्याकडे त्यात झेरॉक्स, टपाल, चहा येतो. कन्टिन्जन्सी लिहिलं की तिकडच्या काही लोकांना वाटतं, अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली रक्कम, आणि ती ते सरळ काढून टाकतात. त्यापेक्षा आत काय आहे तेच लिहावं: छपाई, टपाल, स्टेशनरी.

गोदाकाठ: मी मूळ धागाकर्ता, अजून जिवंत आहे. आमच्या तक्त्यात कोयते-बियते नाहीत. साधे लाखांतले आकडे आहेत.

तळटीप: तक्ता एक्सेलमध्ये आहे की वर्डमध्ये?

गोदाकाठ: वर्डमध्ये चिकटवलाय. का?

तळटीप: एक्सेलमध्ये रक्कम रक्कमच राहते, स्वल्पविराम ज्याच्या त्याच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे दिसतो. वर्डमध्ये चिकटवलात की 12,50,000 तसाच गोठतो. परदेशी वाचणाऱ्याला वाटतं, एक अंक गळलाय. तो 1,250,000 हाताने करावा लागतो, प्रत्येक खान्यात. मजकुरात «साडेबारा लाख» असेल तर घाईत 12.5 मिलियन लिहिणारे मी पाहिलेत, म्हणजे थेट दहापट. म्हणून शेवटी सगळ्या बेरजा पुन्हा मारायच्या.

गोदाकाठ: «साडेबारा लाख» दोनदा आहे. च्यायला.

धारूरकर: उशिरा आलो. तळटीप ताई, तुम्ही कोयत्याचं इंग्रजीत जोडपं केलंत का?

तळटीप: हो. 120 जोडपी, आणि खाली कोयता म्हणजे काय त्याची एक ओळ.

धारूरकर: मग तुमचंही चुकलं. एकटा माणूस किंवा एकटी बाई तोडीला गेली तर तो अर्धा कोयता. माझी मावशी काका गेल्यावर पाच वर्षं अर्धा कोयता म्हणून गेली. मुकादम उचल देतानाही अर्धीच देतो. अभ्यासात असे कोणी असतील तर ते जोडपी नाहीत.

तळटीप: जुनी फाईल काढून बघितली. नमुन्याच्या परिशिष्टात 116 पूर्ण आणि 8 अर्धे कोयते आहेत. कोयते 120, माणसं 240, भरपाई 1,20,000. हिशेब तंतोतंत जुळत होता, म्हणून मला शंकाच आली नाही. आठ एकट्या माणसांची मी चार जोडपी लावून दिली.

हिशेबनीस_पुणे: म्हणजे बेरीज जुळली तरी भाषांतर चुकतं. घ्या आता पैसे!

तळटीप: त्या आठांत सहा विधवा आहेत. तुम्ही हसा.

धारूरकर: कोयता शब्द तसाच ठेवायचा आणि पहिल्यांदा आला की पूर्ण-अर्धा दोन्ही सांगायचं. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

शुद्धलेखन: आणि औचित्याचं काय ठरलं?

गोदाकाठ: भाषांतरकाराला आठ दिवस दिले. पैशांवर अजून घासाघीस चालू आहे. त्याने आज सकाळीच फोन करून विचारलं, आमच्या वेळापत्रकात «आखाजीनंतर» म्हणजे नक्की कोणत्या महिन्यात.