जुनी बाइक घेताना मीटर आणि नंबर कसे तपासावेत

> "मीटरवर १४,००० किलोमीटर दिसतात, गाडी आठ वर्षांची आहे. विश्वास ठेवावा का?"

आकडा बाजूला ठेवा आणि पायाकडचे रबर बघा. गिअर लिव्हर आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले असतील, ब्रेक डिस्कच्या कडेला बोटाला लागेल अशी धार आली असेल, तर गाडी १४,००० च्या बरीच पुढे गेलेली असू शकते. रबर उलट अगदी कोरे असेल तर ते कधी आणि का बदलले, हे विचारा. जुनी सर्व्हिसिंगची बिले मागाच. त्यातल्या एकावरही आजच्यापेक्षा मोठे रीडिंग निघाले, तर मीटर मागे फिरवले आहे किंवा बदलले आहे.

नंबरांबाबत मी जास्त कडक आहे. चासिस नंबर बहुतेक बाइकवर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. हँडल पूर्ण वळवून, चिखल पुसून, टॉर्च तिरपा धरून एकेक अक्षर आरसीशी ताडा. घासल्याचा खोलगटपणा, तेवढ्याच भागावर ताजा रंग किंवा वाकडीतिकडी अक्षरे दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. फक्त इंजिन नंबर वेगळा असेल, तर इंजिन रीतसर बदललेलेही असू शकते, पण ती नोंद आरसीवर चढल्याशिवाय विसारही देऊ नका.