पहिल्या वर्षाचा फ्रीलान्स हिशेब: बिल एक, बँकेत एक, २६एएसमध्ये तिसरंच. तुमचे अनुभव लिहा

एडिटर_नाशिक
नोकरी सोडून व्हिडिओ एडिटिंग करायला लागलो, २०२५-२६ हे माझं पहिलं पूर्ण वर्ष. रिटर्न भरायला बसलो तेव्हा बँकेचं स्टेटमेंट काढलं, कामाचे जमा झालेले सगळे आकडे जोडले, ६,६०,००० आले, आणि मला वाटलं हेच माझं उत्पन्न. मग २६एएस, म्हणजे माझ्या नावावर कापलेल्या कराचं आयकर खात्याकडचं पत्रक, उघडलं तर दोन एजन्सींच्या नावावरच ६,००,००० दिसत होते, आणि त्यांच्याकडून खात्यात आलेले तर ५,४०,०००च होते. दोन दिवस मी समजत होतो की त्यांनी काहीतरी चुकीचं भरलंय.

चूक माझीच होती. मी ६०,०००चं बिल लावायचो, ते १० टक्के म्हणजे ६,००० टीडीएस कापून ५४,००० पाठवायचे. पण ते ६,००० गेले कुठे नाहीत, ते माझ्याच नावावर सरकारकडे जमा झालेत, त्यामुळे माझं उत्पन्न पूर्ण ६०,०००. वर लग्नाचे व्हिडिओ वगैरे छोट्या कामांचे १,२०,००० होते, त्यावर टीडीएस नव्हता. म्हणजे खरी जमा ७,२०,०००. त्यातून सॉफ्टवेअरची वर्गणी २४,०००, इंटरनेट १२,००० आणि एप्रिलमध्ये घेतलेल्या एक लाखाच्या पीसीवर ४० टक्के घसारा ४०,०००, असा ७६,००० खर्च गेला. उरले ६,४४,०००. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंत रिबेट असल्याने कर शून्य, म्हणून कापलेले ६०,००० परत मिळायला हवेत.

तुमच्या पहिल्या वर्षात काय अडलं ते लिहा, आकड्यांसकट लिहिलं तर फार उपयोग होईल.

खतावणी_सोलापूर
मी पंधरा वर्षं करसल्लागाराच्या ऑफिसात काम करते, दर जुलैत हीच चूक घेऊन कुणीतरी येतंच. तुम्ही ६,६०,००० लिहून ६०,००० टीडीएस मागितला असता तर आकडे जुळले नसते, आणि रिटर्न सदोष असल्याची नोटीस यायची शक्यता होती. टीडीएस मागायचा तर तो ज्या रकमेवर कापलाय ती सगळी रक्कम उत्पन्नात दिसली पाहिजे.

माझं सांगणं एवढंच की बँकेवरून हिशेब लिहू नका, बिलावरून लिहा. एक शीट करा, दर बिलाला एक ओळ: बिल नंबर, तारीख, कुणाला, पूर्ण रक्कम, कापलेला टीडीएस, खात्यात आलेली रक्कम, आल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना "२६एएसमध्ये दिसलं का". हा शेवटचा रकाना दर तिमाहीनंतर भरायचा. जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न क्लायंट ३१ मेपर्यंत भरतो, त्यामुळे एप्रिलमध्ये २६एएस अर्धवटच दिसतं, घाई करून रिटर्न भरू नका.

बिलावर नंबर सलग हवा, तुमचं नाव-पत्ता, पॅन, क्लायंटचं नाव-पत्ता, कामाचं वर्णन, बँकेचे तपशील. "एडिटिंग चार्जेस" एवढंच लिहू नका, कुठले किती व्हिडिओ, कुठल्या महिन्याचे ते लिहा. पॅन नसेल तर २० टक्के कापतात.

कोड_करतो_पुणे
एवढं कशाला करताय, आयकराचं ४४एडीए कलम घ्या ना. जमेच्या निम्मं उत्पन्न दाखवायचं, बाकी निम्मं खर्च धरलं जातं, पावत्या ठेवायची गरजच नाही. मी आयटीत आहे, तीन वर्षं हेच करतोय.

खतावणी_सोलापूर
दादा, तुम्हाला ते चालतं, ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच लागू आहे आणि आयटी त्या यादीत आहे. पण निम्मं हे कमीत कमी आहे, खरा नफा ७० टक्के असेल तर ७० दाखवायचा असतो. आणि खर्चाच्या पावत्या नसल्या तरी बिलं आणि बँकेचे कागद लागतातच, कारण निम्मं कशाचं ते सिद्ध करावं लागतं. एडिटरदादांचं मात्र बघायला लागेल. यादीत फिल्म आर्टिस्ट आहे, त्यात एडिटर येतो, पण तो सिनेमाच्या निर्मितीतला. यूट्यूबसाठी एडिट करणारा त्यात बसतो की नाही यावर आमच्या ऑफिसातच दोन मतं आहेत. खरा खर्च दाखवून आयटीआर-३ भरला तर हा प्रश्न येत नाही.

चटणी_भाकरी_सांगली
ताई, माझं थोडं वेगळं आहे. मी रेसिपीचे व्हिडिओ करते. एका कंपनीने २८,०००चा ओव्हन पाठवला, व्हिडिओ केला, ओव्हन माझ्याकडेच राहिला. पैसे एक रुपया आला नाही म्हणून मी कुठेच लिहिलं नाही. एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या वार्षिक माहितीपत्रकात, मात्र १९४आर या वस्तूरूपात मिळालेल्या लाभावरच्या टीडीएसच्या कलमाखाली २८,००० दिसले. त्यांनी २,८०० भरायला सांगितले होते ते मला तेव्हा कळलंच नव्हतं कशाचे, मी आपले भरून टाकले. शेवटी ओव्हनची किंमत उत्पन्नात धरली आणि त्या २,८००चं क्रेडिट घेतलं. आता वस्तू आली की वहीत तारीख, किंमत आणि "ठेवली / परत केली" असं लिहिते. शूट करून परत पाठवलेल्या वस्तूवर हे लागत नाही, पण परत पाठवल्याची कुरियरची पावती मी जपून ठेवते.

मोहन_काका_ठाणे
माझी जमा नऊ लाख आहे, वीस लाखांच्या आत असल्याने मला रिटर्न भरायचं नाही असं मुलगा म्हणाला. मग हे सगळं कशासाठी?

कोड_करतो_पुणे
काका, वीस लाख ही जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा आहे. इन्कम टॅक्सचा तिच्याशी संबंध नाही. रिटर्न भरावं लागेल, कर शून्य आला तरी.

भाषांतर_म्हापसा
माझे क्लायंट बाहेरचे, त्यामुळे २६एएस रिकामं, पण गोंधळ तोच. क्लायंट ५०० डॉलर देतो, पेमेंट कंपनी तिची फी कापून उरलेले रुपयात पाठवते. पहिल्या वर्षी मी आलेले रुपयेच लिहिले. आता पूर्ण ५०० डॉलरचे रुपये जमेला आणि फी खर्चाला लिहिते. त्यांचं दर महिन्याचं स्टेटमेंट लगेच उतरवून ठेवा, खातं बंद झालं तर नंतर मिळवताना त्रास होतो.

एडिटर_नाशिक
खतावणीताई, अजून एक. मी २८ मार्चला ४५,०००चं बिल दिलं, पैसे २० एप्रिलला आले, पण एजन्सीने ४,५०० टीडीएस मार्चमध्येच दाखवलाय. उत्पन्न कुठल्या वर्षात? हे ४५,००० मी वरच्या ७,२०,०००मध्ये धरलेले नाहीत, आणि त्या ६०,०००मध्येही हा टीडीएस नाही, तो परवाच २६एएसमध्ये दिसला.

खतावणी_सोलापूर
हिशेब पैसे आल्यावर लिहिता की बिल दिल्यावर, त्यावर आहे. पैसे आल्यावर लिहीत असाल तर ४५,००० पुढच्या वर्षात, आणि त्यावरचा ४,५०० टीडीएसही यंदा न मागता पुढे न्यायचा, रिटर्नमध्ये तसा रकाना आहे. दोनपैकी एक पद्धत धरा आणि दरवर्षी तीच ठेवा. उत्पन्न पुढच्या वर्षात आणि टीडीएस यंदा, असं मात्र करू नका.

कोड_करतो_पुणे
मी तर २६एएसमध्ये ज्या वर्षात दिसतं त्याच वर्षात धरतो, नोटीस तरी येत नाही.

खतावणी_सोलापूर
बरेच जण तसं करतात. पण मग मार्चमध्ये दिलेली आणि एप्रिलमध्ये पैसे आलेली त्यांची दोन बिलं, एक टीडीएसवालं आणि एक बिनटीडीएसचं, वेगवेगळ्या नियमाने लिहिली जातात, ते मला पटत नाही.

लोगोवाली_अमरावती
माझ्याकडे उलटं झालंय. क्लायंटने ८,००० कापले, बिलाच्या मेलमध्ये तसं लिहिलंय, पण २६एएसमध्ये काहीच नाही. तीनदा फोन केला, "भरलाय" म्हणतात. टीडीएसचा दाखला म्हणजे फॉर्म १६ए मागितला तर देत नाहीत.

खतावणी_सोलापूर
आधी त्यांच्याकडे तुमचा पॅन बरोबर आहे का ते बघा, एक अक्षर चुकलं तरी पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात, मग त्यांना दुरुस्तीचं रिटर्न भरावं लागतं. पॅन बरोबर असेल तर टीडीएस भरल्याच्या चलनाचा नंबर मागा. तो मेल, बिल आणि खात्यात कमी आलेली रक्कम हे तिन्ही एकत्र ठेवा. चलन दाखवतात का ते इथे कळवा, मग पुढचं बघू.