मदत हवी आहे: देवस्थानच्या कीर्दीचा स्कॅन, रेघा सापडतात पण घरं चुकतात

फोंडेकर_77: आमच्या देवस्थानची छापील, रेघा मारलेली कीर्द 300 डीपीआयला स्कॅन केलीय. पानावर 24 ओळी, 6 रकाने: तारीख, पावती, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. म्हणजे 144 घरं. आधी रेघा शोधून घरं कापायची आणि मग एकेक घर टेसरॅक्टला द्यायचं, असा बेत आहे. आडव्या रेघांसाठी हे लिहिलंय:

```python
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT, (400, 1))
hor = cv2.morphologyEx(bw, cv2.MORPH_OPEN, k)
```

400 ठेवलं तर चित्र पूर्ण काळं येतं. 60 केलं तर रेघा दिसतात, पण घरं निघतात 391!

स्कॅनवाला: 600 डीपीआयला परत स्कॅन करा. रेघा ठळक येतील.

आकडेमोड: ठळक येतील, पण रोग तो नाही. एक आडवी रेघ मोजून सांगा, दोन्ही टोकांचा y किती?

फोंडेकर_77: डावीकडे 612, 2300 पिक्सेल उजवीकडे 652. जाडी 3.

आकडेमोड: मग पान एक अंश कललंय. 400 पिक्सेलमध्ये रेघ 7 पिक्सेल उतरते आणि ती आहे 3 जाडीची, त्यामुळे 400ची सरळ पट्टी तिच्यात कुठंच बसत नाही. जेमतेम 170ची बसेल. आणि 60ला जास्तीची घरं का? hor उघडून तपशिलाचा रकाना बघा. ‘महाजनवर्गणी’ची शिरोरेषासुद्धा तुमच्या प्रोग्रामला रेघच वाटलीय. इंग्रजी लेखांतले आकडे उचलले की आपल्याकडे हे होणारच. आधी पान सरळ करा, मग 400 ठेवा. एवढी लांब शिरोरेषा कुठल्याच शब्दाला नसते.

आणखी एक: रेघा चित्रातून वजा करून पुसू नका, रेघेला टेकलेली अक्षरं तुटतात. घर चारही बाजूंनी 5 पिक्सेल आत कापा आणि `-l mar --psm 7` लावा. रिकामं घर मात्र पाठवू नका, त्यातूनही काहीबाही अक्षरं निघतात. आधी काळे ठिपके मोजा.

दिवचलचो: आमच्याकडे कोमुनिदादची जुनी पोर्तुगीज वही आहे, हातानं लिहिलेली. `por` लावून चालेल?

आकडेमोड: घरं निघतील हो, पण आतला मजकूर नाही. टेसरॅक्ट छापील अक्षरांसाठी आहे. तुमचा वेगळा धागा काढा.

फोंडेकर_77: खरंच, hor मध्ये शिरोरेषाच शिरोरेषा होत्या! पान फिरवून 400 लावलं, आता 138 घरं. बाकीची सगळी शिवणीकडच्या कडेला, एकमेकांत मिसळलेली. तिथं पान फुगलंय, रेघ वाकते.

आकडेमोड: वाकलेली रेघ फिरवून सरळ होत नाही. तेवढाच पट्टा वेगळा कापा, त्याला 120 लावून बघा. शिवणीकडे तारखेचाच रकाना असेल तर लांब शब्द नाहीत, शिरोरेषा त्रास देणार नाही.

फोंडेकर_77: डाव्या पानावर तारीख बाहेरच्या बाजूला आहे हो. शिवणीकडे शिल्लक येते.

स्कॅनवाला: शिल्लक म्हणजे नुसते आकडे, त्यांना कुठली शिरोरेषा? उलट बरंच.

फोंडेकर_77: ‘अक्षरी रुपये’ त्याच रकान्यात लिहिलेत ना! करून बघतो.