क्लोक रूम पलीकडच्या टोकाला: पुलावरून जावं की बाहेरून वळसा घालावा?

सामानसुमान: मी, बायको आणि आई. चार बॅगा, त्यातल्या दोन जड. सकाळची गाडी शेवटच्या फलाटावर लागते आणि क्लोक रूम फलाट १ च्या बाजूला, मुख्य इमारतीत आहे. पुढची गाडी संध्याकाळी ६.४० ला. आईला जिने जमत नाहीत. पूल ओलांडायचा, की मागच्या दाराने बाहेर पडून रिक्षाने पुढच्या बाजूला यायचं?

जुना प्रवासी: पुलावरून. पण चार बॅगा घेऊन लगेच निघू नका. आई आणि वहिनींनी सामानासह बाकावर बसावं, तुम्ही रिकाम्या हाताने एक चक्कर मारून या. खोली उघडी आहे का, रांग किती, आणि मुख्य म्हणजे कोणत्या पुलाला चालू लिफ्ट किंवा उतार आहे, हे बघून या. मोठ्या स्टेशनात तीन-चार पूल असतात आणि आपण नेमके डब्यासमोर दिसेल तोच जिना चढायला लागतो. पाटीवर बॅग आणि तिच्यासोबत किल्ली असं चित्र दिसलं तर ती सामान ठेवण्याची जागा. पार्सल ऑफिसकडे वळू नका. ते माल बुक करण्याचं ठिकाण, तिथे तुमची बॅग ठेवून घेणार नाहीत.

वळसेवाला: मला हे पटत नाही. लिफ्ट चालू असली तरी आत बॅगांसह चार माणसं मावतात आणि बाहेर रांग. गाडी नुकतीच आली असेल तर पूल माणसांनी भरलेला असतो, त्यात म्हाताऱ्या माणसाला कशाला न्यायचं? मागच्या दाराशी रिक्षा उभ्या असतात. सामान एकदाच चढवायचं, एकदाच उतरवायचं.

जुना प्रवासी: एकदाच कसं? पुढच्या दाराशी उतरल्यावर पुन्हा आत शिरायचं, तपासणीच्या यंत्रातून बॅगा काढायच्या, मग खोलीपर्यंत चालायचं. त्यात मागचं आणि पुढचं दार रस्त्याने वाटतं त्यापेक्षा खूप लांब असतं. मधे रूळ आहेत, म्हणजे रिक्षा आधी उड्डाणपूल किंवा फाटक गाठणार. गर्दीचं म्हणाल तर वीस मिनिटं बाकावर बसा, पूल आपोआप मोकळा होतो. तुम्हाला दिवसभर काढायचाय, घाई कसली?

फलाटकरी: एवढं कशाला? फलाटाच्या टोकाला उतार असतो, हातगाड्या तिथूनच रूळ ओलांडतात. चाकांच्या बॅगा आरामात जातील.

जुना प्रवासी: उतार असतो हे खरं. पण ती वाट रेल्वेच्या माणसांची आणि हातगाड्यांची आहे, प्रवाशाने तिथून रूळ ओलांडणं गुन्हा आहे. आणि आईंना घेऊन? अजिबात नको. जड बॅगा हमालाला द्या. लाल शर्ट, दंडावर बिल्ला. निघण्याआधी पैसे ठरवा आणि "क्लोक रूमच्या खिडकीपर्यंत" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो पुलाखाली सामान ठेवून मोकळा होतो.

एकटी_फिरते: माझं वेगळंच झालं. खिडकीपर्यंत व्यवस्थित पोचले, पण सॅकला कुलूप नव्हतं म्हणून घेतली नाही. स्टॉलवर कुलूप शोधत सगळं सामान घेऊन परत फिरले. आणि मी एकटी, बाकावर कुणाला बसवू?

वळसेवाला: कुलपाचं बरोबर आहे, उघडी बॅग किंवा पिशवी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. तिकीटही हाताशी ठेवा, विचारतात. एकट्याने मात्र बॅग सोडून शोधायला जाऊच नये. बेवारस सामान दिसलं की पोलीस येतात.

जुना प्रवासी: एकटं असाल तर आधी हमालालाच विचारा, खोली उघडी आहे का ते. त्याला रोजचं ठाऊक असतं.

आता धागाकर्त्यासाठी. सगळे सकाळचाच विचार करताहेत, खरी अडचण संध्याकाळी येते. तेव्हा सामान सोडवायला सगळे एकदम येतात, आणि पावतीवरून बॅग शोधून द्यायला वेळ लागतो. ६.४० ची गाडी पुन्हा शेवटच्याच फलाटावरून असेल तर तोच पूल उलट चढायचा. रांगेला अर्धा तास, पुलाला वीस मिनिटं, डब्यापर्यंत दहा. म्हणजे हिशेबाने ५.४०, पण थोडा वेळ हाताशी ठेवून ५.१५ लाच खिडकीवर उभं राहा. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि खोलीची जेवणाची सुट्टी विचारून ठेवा.

सामानसुमान: संध्याकाळची गाडी फलाट २ वरून आहे असं ॲप दाखवतंय.

जुना प्रवासी: मग सामान फलाट १ ला नेण्याचा सकाळचा त्रास वाया जात नाही, तसंही यायचंच होतं. पण फलाट ऐन वेळी बदलतो, उद्घोषणेकडे कान ठेवा.

वळसेवाला: आईंसाठी चाकाची खुर्ची स्टेशन मास्तरांकडे मागा, एवढं तरी ऐका. पुलाबाबत माझं मत तेच आहे. सकाळी लिफ्ट बंद दिसली की रिक्षा पकडा.